काटा उलटा गेला तेव्हा

तंत्रनिकेतनातल्या विजेच्या प्रयोगशाळेत मीटरताईचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं ती कपाटातून मीटर काढून द्यायची, बॅटऱ्या चार्ज करायची, तारा गुंडाळायची. पोरांनी जोडलेल्या सर्किटवरून नुसती नजर फिरवून "तिसरी तार सैल आहे" असं सांगायची. पण त्यापुढे बोलायची सोय नव्हती. ती होती परिचर. समजावून सांगायचं काम सहाय्यकांचं. एकदा तिनं एका मुलीला दोन वाक्यं समजावली, तर विभागप्रमुख सर दारातूनच म्हणाले, "ताई, तुमचं काम करा." ते शब्द तिच्या मनात सलत राहिले.

म्हणून तिला सहाय्यक व्हायचं होतं. पगार वाढणार होता फार तर मूठभर. तिला हवी होती ती तोंड उघडायची मुभा. खात्याची लेखी परीक्षा ती दोनदा देऊन बसली होती. गेल्या वर्षी चार गुणांनी घोडं अडलं. आता वय चव्वेचाळीस, आणि पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे ही शेवटची खेप.

या वेळी तिनं रट्टा मारायचं सोडून दिलं. पंधरा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या, कात्री घेतली आणि एकेक प्रश्न कापून सुटा केला. नवरा शिंपी. त्याच्या दुकानात उरलेल्या कापडाच्या पट्ट्या हव्या तेवढ्या.

"कापडाचे तुकडे मी रंगावरून लावतो," तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "तू हे कशावरून लावतेस?"

"सर्किटच्या तोंडवळ्यावरून."

एकाच बॅटरीचे साधे प्रश्न पांढऱ्या पट्टीत. दोन बॅटऱ्या आणि मधे एक रोध, ते निळ्या. मधे आडवी दांडी असलेले ब्रिजचे प्रश्न हिरव्या. मग प्रत्येक गठ्ठ्यावर एकच ओळ: इथे लूप की नोड? लूपचा नियम, म्हणजे सर्किटमध्ये एक फेरी मारून जिथून निघालो तिथं परत आलं की व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य. नोडचा नियम, म्हणजे जोडावर जितका करंट येतो तितकाच बाहेर पडतो. दोन्हींनी उत्तर तेच येतं. ज्यात अज्ञात कमी, तो धरायचा. दोनशे चाळीस प्रश्नांचे हे एवढेसेच तोंडवळे निघाले, तेव्हा तिला हसूच फुटलं. इतकी वर्षं हीच चारपाच तोंडं वेगवेगळे कपडे घालून तिला घाबरवत होती!

पण एक गठ्ठा छळत होता. लाल पट्टीचा. त्यात अकरा प्रश्न होते आणि त्यांची उत्तरं वजा यायची. ब्रिजचे होते, दोन बॅटऱ्यांचे होते, सगळ्या घरचे होते. वजा करंट म्हणजे काय? करंट असतो किंवा नसतो. शून्याखाली कसा जाईल? वजा दिसला की ती समजायची, आकडेमोड हुकली, आणि उत्तरावर काट मारायची. पुन्हा सोडवलं की पुन्हा वजा.

परीक्षेला आठवडा उरला असताना जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा बाजूला सारला आणि लाल गठ्ठ्यातला एक प्रश्न थेट टेबलावर मांडला. बारा व्होल्टची बॅटरी, तिच्या वाटेत दोन ओहम. सहा व्होल्टची बॅटरी, तिच्याही वाटेत दोन ओहम. दोघी एकाच जोडावर येतात आणि तिथून आठ ओहममधून करंट परततो. कागदावर सहाच्या बॅटरीतून जोडाकडे येणारा करंट आला होता वजा एक. तिनं रिओस्टॅट, म्हणजे कमीजास्त करता येणारे रोध, लावले, प्रश्नातल्या बाणाप्रमाणे ॲमीटर जोडला आणि बटण दाबलं.

काटा झटक्यात मागे गेला आणि डाव्या खुंटीवर आपटला.

तिचा हात सवयीनं पुढे झाला. काटा उलटा गेला की दोन तारांची अदलाबदल करायची. हे तिनं सोळा वर्षांत हजारदा केलं होतं, गप्प बसून, पोरांच्या खांद्यावरून. तारा बदलल्या. काटा सरळ चढून बरोबर एकवर थांबला.

मीटरताईनं एकदा काट्याकडे, एकदा कागदावरच्या वजा एककडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई!"

वजा म्हणजे हेच की! बाण उलटा मानला होता, एवढंच. सहाची बॅटरी करंट देत नव्हती, घेत होती, चार्ज होत होती. मोठीकडून दोन येतात, त्यातला एक धाकटी घेते, एक आठ ओहममधून जातो. जोडाचा हिशेब चोख. ती अकरा उत्तरं चुकीची नव्हतीच. आनंदानं तिला उडी मारावीशी वाटली, आणि लगेच रागही आला, कारण तिला गेल्या वर्षीचा पाचवा प्रश्न आठवला. तिथंही वजा आलं होतं. बरोबर आलं होतं. तिनंच त्यावर आडवी रेघ ओढली होती.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं एका दमात सांगितलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

"म्हणजे उत्तर बरोबर होतं आणि तूच खोडलंस?"

"हो!"

"आणि तू हसतेयस?"

"मग काय रडू? आता कळलंय ना!" तिनं लाल पट्टी सोडली आणि अकराही प्रश्न आपापल्या घरी पाठवून दिले.

परीक्षेत शेवटचा प्रश्न आला, तोंडवळा हिरव्या पट्टीचा. वर बारा व्होल्ट. डावीकडे आठ ओहम आणि खाली दोन. उजवीकडे तीन आणि खाली सहा. मधली दांडी दोन ओहमची. दांडीतला करंट काढा, बाण डावीकडून उजवीकडे. लूप धरले तर अज्ञात तीन. नोड धरले तर दोनच. तिनं नोड धरले. डावा जोड चार व्होल्ट, उजवा सहा. दांडीत करंट: वजा एक.

पुन्हा वजा. कळलं होतं ते टेबलावर मीटर लावून, हा तर शेवटचा कागद. पेनचं टोक उत्तरावर टेकलं. अजून सात मिनिटं होती. तिनं दोन्ही जोड तपासले. उजवीकडे दोन येतात. एक खाली, एक दांडीतून डावीकडे. डावीकडे वरून एक, दांडीतून एक, खाली दोन. डोळ्यांपुढे काटा डाव्या खुंटीवर आपटला. तिनं उत्तरापुढे लिहिलं, "करंट उजवीकडून डावीकडे, एक अँपिअर," पेनला टोपण लावलं आणि हात मांडीखाली दाबून बसली, न जाणो सवयीनं पुन्हा रेघ ओढायचा.

निकाल लागला तेव्हा ती तीन गुणांनी वर होती. तो प्रश्न आठ गुणांचा होता.

सहाय्यक झाल्यावरच्या पहिल्याच तासाला कोपऱ्यातल्या मुलीचा काटा मागे गेला. "ताई, माझं काहीतरी चुकलं," म्हणत तिनं वहीतलं वजा उत्तर खोडायला पेन टेकवलंसुद्धा. मीटरताईचा हात तारांकडे गेला, आणि वाटेतच थांबला. त्याच वेळी दारात विभागप्रमुख सर येऊन उभे राहिले.

"खोडू नकोस," ताई सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली. "वजाच राहू दे. सगळे इकडे या, का ते मी सांगते."

सर क्षणभर ऐकत राहिले आणि मग आत येऊन मुलांच्या मागे उभे राहिले.