पाच अक्षरांची जागा

चाल आधी तयार होती. हल्ली हैदराबादेत गाण्यांचं असंच चालतं. आधी तेलुगू गाणं होतं आणि त्याच चालीवर मराठी शब्द बसवून द्यायला मला बोलावलं. लहान गावातल्या मुलीचं क्रिकेटचं वेड, हा विषय. मुलींच्या क्रिकेट अकादमीचं ते गाणं सीमेवरच्या मराठी गावांतही वाजवायचं होतं. "तुम्हाला काय, तासाभराचं काम," असं फोनवर सांगितलं गेलं. ज्यांनी जन्मात एक ओळ लिहिलेली नाही त्यांना सगळं तासाभराचंच वाटतं.

मी हो म्हटलं ते घरातल्या मुलीसाठी. देगलूरच्या माझ्या चुलतभावाची मुलगी उन्हाळ्यापासून आमच्या नल्लकुंट्याच्या घरी राहत होती. ऑफस्पिन टाकायची. रोज पहाटे सिकंदराबादच्या बाजूला मैदानावर जायची आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी लावून परत यायची. चेंडूला फिरकी देताना त्याची शिवण बोटाला घासते आणि कातडं निघतं. तिच्या बाबांनी एका अटीवर तिला पाठवलं होतं. कॉलेज सुरू व्हायच्या आत संघात नाव आलं तर राहायचं, नाहीतर मुकाट्याने घरी. मला वाटलं, आपण लिहिलेलं गाणं देगलूरला वाजेल, तिचे बाबा ऐकतील, तेवढीच तिला मदत.

स्टुडिओ काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत होता. गाडीने भोंगा दिला की माईक बंद करून बसायचं. संगीतकार तिशीचा तेलुगू मुलगा होता, माझ्याशी दखनीत बोलायचा. त्याने नुसत्या 'ला ला ला'वर गायलेली चाल ऐकवली आणि बोटांवर मोजून दाखवली. पाच अक्षरं, छोटा श्वास, परत पाच. मग पाच अक्षरांचं पालुपद, जे सगळ्या मुलींनी मिळून म्हणायचं. पहिल्या ओळीला फक्त बॅट जमिनीवर आपटल्याचा आवाज. दुसरीला डफ. तिसरीला टाळ्या. चौथीला सगळा ताफा. गाणं एकेका ओळीने चढत जायचं, म्हणून पहिली ओळ हलकी हवी. तिथेच जोर लावला तर पुढे चढायला जागा राहत नाही.

तासाभराच्या कामाला माझा आठवडा गेला. पालुपदासाठी पहिल्यांदा मी 'हे माझं घर' असं लिहून नेलं, घर म्हणजे मैदान या अर्थाने. त्याने गाऊन पाहिलं आणि मान हलवली. "मॅडम, 'घर' पे सुर नहीं ठहरता. 'र' आया की आवाज खतम. आखिर में 'आ' होना." मला राग आला, पण तो खरं बोलत होता. शेवटचा सूर उंच होता आणि चार मात्रा लांबवायचा होता. 'आ'ला तोंड उघडं राहतं आणि शंभर मुली एकदम ओरडल्या तरी आवाज फुटत नाही. घरी येऊन भाजी निवडताना ते सापडलं: खेळू दे मला. पाच अक्षरं बरोबर. 'म' ठोक्याच्या आधी पटकन येतो आणि 'ला' नेमका ठोक्यावर पडतो. मग बाकीच्या ओळी एकेक करून आल्या.

बूट भावाचे, बॅट मामाची,
खेळू दे मला.
माळ दगडी, रेघ चुन्याची,
खेळू दे मला.
पोरं हसली, आई रुसली,
खेळू दे मला.
बोट सोललं, चेंडू वळला,
खेळू दे मला.

चौथी ओळ अर्थात आमच्या मुलीची. कोरससाठी मुली हव्या होत्या, म्हणून तिला आणि तिच्याबरोबर खेळणाऱ्या दोघींना घेऊन गेले. तिघींना एकाच माईकभोवती उभं करून चार वेळा गाऊन घेतलं आणि ते चारही आवाज एकमेकांवर रचले. बारा मुलींचा घोळका गातोय असं वाटलं. तिघी सुरात थोड्या कमीजास्त होत्या, पण मागणं खरं होतं. माझ्या अंगावर काटा आला हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दोन दिवसांनी अकादमीच्या मालकांनी ते ऐकलं. मला समोर बसवून म्हणाले, "मॅडम, ये बच्ची भीक कायकू माँग रही? अँथम है. जीतना होना."

मी समजावून पाहिलं. ही मुलगी ज्यांच्यापाशी मागते आहे ते घरी बसून गाणं ऐकणार आहेत, तिला खेळायला मिळणं त्यांच्याच हातात आहे, जिंकणं त्याच्या पुढचं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, चौथी ओळही बदला, चेंडू वळलेला दिसतो कुणाला, छक्का पाहिजे. मी नाही म्हटलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्यांनी ऑफिसातल्याच कुणाकडून ओळी लिहून घेतल्या. चौथी ओळ झाली 'उंच छक्का गं, गेला आभाळा' आणि पालुपद 'जिंकणारच मी'. मोजून पाहा, सहा अक्षरं आहेत. पाचाच्या जागेत सहा कोंबली की काय होतं ते मी कानांनी ऐकलं: 'जिंकणाच्मी'. वर शेवटी उंच सुरावर 'मी', म्हणजे दात आवळून किंचाळणं. संगीतकाराला हे माझ्याइतकंच कळत होतं, पण तो खालमानेने बटणं सरकवत राहिला. मुलींचा कोरसही गेला. त्या जागी सराईत गायिका आल्या, एकदम सुरात. मी भांडले आणि घरी आले. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

त्याच आठवड्यात आमच्या मुलीची निवडीची पहिली मॅच झाली. पहिल्या षटकात चेंडू चांगला वळला, दुसऱ्यात समोरच्या मुलीने तिला झोडपलं. कॅप्टनने तिसरं षटक दिलंच नाही. अजून एक मॅच बाकी होती, रविवारची.

शुक्रवारी संध्याकाळी देगलूरहून फोन आला. गाणं गावात पोचलं होतं, बसस्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात सारखं वाजत होतं. भाऊ आधी कौतुकाने बोलला. मग आवाज बदलला. "अक्का, तूच लिहिलीस ना ती गाण्यातली पोरगी? बूट भावाचे, बॅट मामाची. ती सिक्स मारती, जिंकती. लोकं मला विचारू लालेत, तुमचीचं काय झालं म्हणून. हिचं तर काहीच होईना गेलंय. मी येतो रविवारी, घेऊन जातो."

ज्या ओळी माझ्या होत्या त्यांतून तो गाण्यात शिरला होता आणि ज्या माझ्या नव्हत्या त्यांनी त्याचा निकाल लावला होता. त्या मालकांना काय, त्यांचं गाणं वाजतंय. ही मी लिहिलेली मुलगी नाही, असं मी म्हटलं, तर त्याला ती सारवासारव वाटली.

मुलगी बोटाला पट्टी गुंडाळत शेजारीच बसली होती. तिने माझ्या हातून फोन घेतला.

"बाबा, गाण्यात कुणी आउट होत नाही," ती म्हणाली. "मॅचमध्ये होतात. मी त्यांना आउट करायचं काम करते. तुम्ही मला बॉलिंग टाकताना कधी बघितलंच नाही."

पलीकडे बसचा हॉर्न वाजला. मग त्याने विचारलं, मॅच कितीला आहे.

"नऊला."

"मग शनिवारी रात्रीच्या गाडीने येतो," तो म्हणाला. "बॅग भरून ठेव. मॅच बघून काय ते ठरवू."

तिने फोन मला परत दिला आणि दाताने पट्टीचं टोक तोडलं. बॅग तिने त्या रात्री भरली नाही, शनिवारीही भरली नाही.