वीस मिनिटं आणि अपलोडचा रकाना

त्या दिवशी सकाळी अकराला मराठवाड्यातल्या एका कोर्टात माझी सुनावणी होती. मी वकील, पण दूर परराज्यात राहत असल्याने तारनाका भागातल्या माझ्या घरातूनच, व्हिडिओवर हजर राहणार होते. अशील एक विधवा बाई. दिराने तिला राहत्या घरातून काढायचा घाट घातला होता. कोर्टाने दिलेली स्थगिती त्या दिवशी संपत होती. ती वाढवून मिळाली नाही, तर संध्याकाळपर्यंत तिचं सामान रस्त्यावर आलं असतं.

मी बोलायला लागले आणि दोनच वाक्यांत न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय. काहीच कळत नाही."

मला मात्र त्यांचं सगळं नीट ऐकू येत होतं. मी कॅमेरा बंद केला, पुन्हा बोलले. तरी तेच.

"वीस मिनिटांनी पुन्हा पुकारू. तेव्हाही असंच झालं तर समोरच्यांचं ऐकून आदेश देईन."

आमच्या तळमजल्यावर मोबाईलला धड रेंज नसते. बाहेर रस्त्यावर उभं राहून कागद चाळत युक्तिवाद करणं शक्य नव्हतं. मी ब्राउजरमध्ये राउटरचं पान उघडलं. पासवर्ड दोनदा चुकला. जोडलेल्या उपकरणांची यादी आली. नऊ नावं. शेजारी प्रत्येकाचा वापर. सगळ्यात वर होता वरच्या खोलीतल्या भाडेकरू मुलीचा लॅपटॉप, आणि आकडा बाकीच्यांच्या कितीतरी पट मोठा.

ती विद्यापीठात पीएचडी करणारी तेलुगू मुलगी, आमच्याशी हिंदी-मराठी मिसळून बोलणारी. वायफाय आम्हीच दिलं होतं. मी जिना चढून तिचं दार ठोठावलं.

"सिनेमे उतरवतेस का गं? राउटरच्या यादीत तुझंच नाव सगळ्यात वर आहे. माझं कोर्ट चालू आहे खाली!"

तिचा चेहरा उतरला. लॅपटॉप मिटलेला, टेबलावर पुस्तकं पसरलेली. "मैं तो सुबह से लॅपटॉप खोलीच नहीं, अक्का," ती म्हणाली. "यादी दाखवा मला."

ती अनवाणीच माझ्या मागे खाली आली. पडद्याकडे पाहून तिने बोट ठेवलं. "अक्का, हा पूर्ण महिन्याचा हिशेब आहे. आत्ता कोण खातंय ते इथे नाही दिसत." तिने दुसरा भाग उघडला. तिथे प्रत्येक उपकरणाचा त्या क्षणाचा वेग होता, डाउनलोड आणि अपलोड वेगवेगळा. तिच्या लॅपटॉपचं नाव राखाडी होतं. तो जोडलेलाच नव्हता. माझे कान तापले, पण माफी मागायला वेळ नव्हता. अकरा मिनिटं उरली होती.

डाउनलोडच्या रकान्यात विशेष काही नव्हतं. अपलोडच्या, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या डेटाच्या रकान्यात मात्र एकच ओळ जवळजवळ सगळी लाइन खात होती. मला ऐकू येत होतं आणि माझं बोलणं तिकडे पोचत नव्हतं, ते यामुळे. त्या ओळीला नाव नव्हतं, नुसती अक्षरं-आकड्यांची लांबलचक जुळणी.

"बाहेरच्या कुणाला पासवर्ड कळला असेल का?" मी विचारलं.

"आधी ब्लॉक करा. कोण ते मग बघू."

मी बटण दाबलं. काही क्षणांत वेग शून्यावर आला. आणि आतल्या खोलीतून सासऱ्यांची हाक आली, "सूनबाई, नेट गेलं का गं?"

आम्ही आत गेलो. नणंदेने मागच्या खेपेला इथेच ठेवलेला जुना लॅपटॉप त्यांच्या मांडीवर होता, शेजारी छोटी हार्ड डिस्क. आबिड्सच्या बाजारातल्या एका दुकानातून त्यांनी घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट त्यात भरून आणल्या होत्या. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं बोलणं, हसणं, सगळं त्यात होतं. नणंदेला परदेशात पाहता यावं म्हणून पहाटेपासून ते एकेक फाइल नेटवर चढवत होते. पासवर्ड राउटरखालच्या चिकटपट्टीवरून लिहून घेतलेला.

"बाबा, दुपारी मी स्वतः लावून देते. झालेल्या फाइली कुठे जात नाहीत."

"तुझं काम अडवलं का मी?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मला रागावताच आलं नाही.

पुकारा झाला. या वेळी न्यायाधीशांनी मला एकदाही थांबवलं नाही. समोरच्या वकिलांनी बराच वाद घातला. शेवटी स्थगिती पुढच्या तारखेपर्यंत वाढली. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत अशील बाईने पदराने डोळे पुसले.

मी वर गेले. "चुकले मी. न विचारता बोलले."

"ठीक है, अक्का," ती म्हणाली, पण दार अर्धंच उघडं ठेवून. पुढचा महिनाभर काही मोठं उतरवायचं असलं की ती आधी मला मेसेज करून विचारायची. दर वेळी मी लिहायचे, विचारू नकोस. ती तरी विचारायचीच.