मोडलेली यादी

अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहात मी कारकून म्हणून लागले, तेव्हा माझ्याआधीच्या ताई निवृत्त होत होत्या. त्यांनी एक्सेलमध्ये केलेली मुलींची यादी फार देखणी होती. एका गावच्या सगळ्या मुलींसमोरचे गावाचे सेल मर्ज करून, म्हणजे जोडून एकच मोठी चौकट करून, गावाचं नाव मधोमध एकदाच लिहिलेलं. मला यादी आडनावांप्रमाणे लावायची होती, पण मर्ज केलेल्या सेलमुळे सॉर्ट होईना. त्यांची मेहनत मोडायला माझा हात धजेना.

"काहून थांबली? मोड ना," शेजारी खुर्ची ओढत ताई म्हणाल्या.

मी मर्ज काढलं. हिवरखेड या गावाचं नाव फक्त तिथल्या पहिल्या मुलीसमोर उरलं, खाली सगळं रिकामं. मी रिकामे सेल एकदम निवडले, वरच्या सेलमधलं नाव खाली आणणारा फॉर्म्युला देऊन कंट्रोल-एंटर दाबलं आणि मग फॉर्म्युल्यांच्या जागी नुसती नावं पेस्ट केली. आता सॉर्ट झालं. हिवरखेडच्या मुली यादीभर पांगल्या, पण प्रत्येकीसमोर तिचं गाव होतं.

ताई बोटाने एकेक ओळ वाचत गेल्या.

"मले वाटलं, पोरी हरवतीन," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्या हातातून माउस घेतला. "रिकामे सेल कसे निवडले, मले दाखव."

त्यांच्या नोकरीचे चारच दिवस उरले होते.