कानापाशी एक छिद्र होतं

सदर भागातल्या एका फोटो स्टुडिओत मी कॉलेज सुटल्यावर दुपारी काम करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येत असेल असं घरी वाटतं. स्टुडिओत मला काय काय येत नाही, ते मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

तिथे मी लग्नाचे फोटो उजळवत होते, पासपोर्टच्या फोटोची पार्श्वभूमी पांढरी करत होते. तान्ह्या बाळाचा चेहरा त्याआधी कधी हाताळला नव्हता. मालकांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते कामठीला एका बाळंतिणीच्या घरी जाऊन सोळा दिवसांच्या बाळाचे फोटो काढून आले आणि त्यातला एक माझ्यासमोर उघडून म्हणाले, "हा तू कर."

मी फोटो मोठा करून पाहिला आणि चपापले. दुरून पेढ्यासारखं दिसणारं ते तोंड जवळून वेगळंच होतं. नाकावर आणि गालांवर मोहरीहून बारीक पांढरे दाणे. कपाळावर आणि कानांच्या आजूबाजूला कातडीचे पापुद्रे सुटलेले. टाळूवर आणि भुवयांत पिवळट, तेलकट खपल्या. मी घाबरत विचारलं, "दादा, बाळ आजारी आहे का?"

दादा हसले. "तू जन्मली तवा काय मेकअप करून आलती का? सगळ्यांचं असंच राहते. एक ध्यानात ठेव. जे थोड्या दिवसांत आपोआप जाणार, ते काढाचं. जे राहणार, ते राहू द्याचं."

नियम सोपा होता. पण काय जाणार आणि काय राहणार, हे मला कोण सांगणार?

घरी गेल्यावर आईला विचारलं. माझी आई कन्हानला बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळांना तेल लावते, न्हाऊ घालते. वीस वर्षं तिचे हात हेच करतायत आणि मी कधी तिला त्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. त्या रात्री भाकरी थापता थापता ती बोलत राहिली.

"नाकावरचे दाणे? ते दाबाले नाही पाहिजे. आपोआप जातेत. साल निघते ते तर चांगलंच हाय, पोटातल्या पाण्यातून बाहेर आलं लेकरू, वरची कातडी सुकतेच. टाळूवरची खपली लवकर नाही जात. तेल लावून मऊ होऊ द्याची, मंग फडक्यानं हळू पुसाची. नखानं उकरली का रक्त येते."

"आणि मी उकरली तर?"

"तुह्या कॉम्प्युटरात रक्त येते का वं?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग तवा उतरवताना म्हणाली, "पण मी लेकराले हात लावाच्या आधी एकदा पुरं पाह्यतो. डोक्यापासून पायापर्यंत. तू पाह्यलं का?"

मी हो म्हटलं. खरं म्हणजे मी फक्त जे काढायचं तेच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले. दादांनी शिकवलं होतं तसा मूळ फोटोवर एक रिकामा थर घेतला, म्हणजे सगळं काम वरच्या थरावर होतं आणि खालचा फोटो जसाच्या तसा राहतो. ब्रश दाण्याहून किंचित मोठा ठेवून माउसची एकेक टिचकी. तो ब्रश शेजारच्या त्वचेचा पोत उचलतो आणि रंग जागेशी जुळवून घेतो. पापुद्र्यांना जास्त वेळ लागला, कारण त्यांच्या पांढऱ्या कडा गालावरच्या लवीत मिसळल्या होत्या. लव पुसली गेली की बाळ प्लास्टिकच्या बाहुलीसारखं दिसतं. एकदा तसं झालंही, मग तेवढं रद्द करून पुन्हा केलं. टाळूवर तर केसांच्या दिशेनेच छोटे छोटे फटकारे मारावे लागले, नंतर राहिलेला पिवळेपणा वेगळा कमी केला. दोन तास गेले, पण कंटाळा आला नाही. आई रोज जे हातांनी पाहते, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते.

बाळाची आई सव्वा महिना झाल्याशिवाय घराबाहेर पडणार नव्हती. फोटो मोबाइलवर पाठवू का म्हटलं, तर म्हणाली, नको, मी येऊन मोठा पाहीन. ती आली तेव्हा बाळ छातीशी बांधलेलं होतं आणि ती घाईत होती. तिचा नवरा फौजेत. जिथे आहे तिथे नेटवर्क नाही, आठवड्यातून एकदा फोन लागतो. त्याने मुलाला अजून पाहिलंच नव्हतं. त्याच्याच युनिटचा एक जण सुट्टी संपवून त्याच संध्याकाळी गाडीने निघणार होता आणि फोटो त्याच्यासोबत जायचा होता.

तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "किती साफ केलं ताई! त्या खपल्या दिसल्या असत्या तर त्यांनी तिकडे काळजीच केली असती."

मग ती वाकली. डाव्या कानाजवळ बोट नेलं. तिचं हसू गेलं.

"इथलं छिद्र कुठी गेलं?"

"कुठलं?"

तिने बाळाचं टोपरं सरकवलं. कानाच्या पुढे, जिथे कान गालाला लागतो, तिथे सुईच्या टोकाएवढी एक खळी होती. "यांच्याबी कानाले हाय. पोरगं झालं तवा फोनवर त्यांनी पहिलं हेच इचारलं, कान पाह्यला का म्हणून. मी म्हटलं, तुम्हीच पाहा फोटोत."

सुटलेल्या सालीजवळचा तो ठिपका मला सालीचाच वाटला होता. एक टिचकी मारून मी पुढे गेले होते. बापाने सगळ्यात आधी जे शोधलं असतं, तेच.

"माफ करा," मी म्हटलं. "ते खालच्या फोटोत आहे अजून. गेलेलं नाही."

वरच्या थरावर तेवढ्याच जागी खोडरबर फिरवला. छिद्र परत आलं, पण त्याच्या भोवतीचा पापुद्राही परत आला. मी ब्रश बारीक केला आणि फक्त पापुद्रा काढू लागले. ती माझ्या खांद्यावरून पाहत होती. "सांभाळून वं ताई. बस. बस, आता हात नको लावू."

मी माउसवरून हात उचलला.

प्रिंट निघेपर्यंत तिने मला बाळाजवळ येऊ दिलं. नाकावरचा एकही दाणा राहिला नव्हता. कपाळ स्वच्छ. माझं दोन तासांचं काम त्याच्या अंगाने महिनाभरात, कुणालाही न विचारता केलं होतं. फक्त टाळूवरची खपली होती, उलट जाड झालेली. मी आईने सांगितलेलं तेलाचं आणि फडक्याचं सांगितलं. "नखाने नका काढू," मी म्हटलं, जणू मला सगळंच येतं.

ती तो प्रिंट बाळाच्या कानाजवळ धरून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती. मग तिने तो पुठ्ठ्यात घातला आणि कामठीच्या ऑटोकडे जवळजवळ धावतच गेली.

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती पीठ मळायची थांबली.

"डाव्या कानाले?"

"हो."

"बापाच्याबी डाव्याच का?"

ते मी विचारलंच नव्हतं.