वहिनीचा फोन

मोबाइल दुरुस्तीच्या त्या दुकानात दोघे भाऊ बसत. थोरला बोलघेवडा, गिऱ्हाईक सांभाळायचा. धाकटा हाताने दुरुस्ती करायचा आणि फोन ठेवून घेताना इतका वेळ लावायचा की लोक त्याला ‘सावकाश’ म्हणू लागले.

एकदा एक नर्सबाई स्क्रीन काळी पडलेला फोन घेऊन आल्या. सावकाशने मॉडेल आणि सिमच्या ट्रेवरचा आयएमईआय नंबर लिहिला, मागच्या काचेचा तडा त्यांना दाखवून नोंदवला. ‘स्क्रीन बंद, कॅमेरा तपासता आला नाही,’ हेही लिहिलं. सिम आणि मेमरी कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

“पासवर्ड सांगू?” बाईंनी विचारलं.

“नको. तपासायच्या वेळी तुम्हीच येऊन उघडा. फोन कोणाकडे द्यायचा?”

“फक्त माझ्याकडे,” त्या म्हणाल्या आणि दवाखान्याचा नंबर देऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा दीर दुकानात आला. थोरल्याची आणि त्याची जुनी ओळख.

“वहिनीचा फोन दे. पावती घरी राहिली.”

थोरला म्हणाला, “देऊन टाक रे, घरचाच माणूस आहे.”

“त्यांना विचारतो,” म्हणत सावकाशने दवाखान्यात फोन लावला. पलीकडून बाई हळूच म्हणाल्या, “देऊ नका. मी येते.”

“त्या स्वतः येणार आहेत,” त्याने दिराला सांगितलं. दीर तोंड पाडून गेला. थोरल्याने मग दिवसभर अबोला धरला.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी लॉक उघडलं तेव्हा सावकाश पंख्याकडे बघत राहिला. टच, कॅमेरा, आवाज त्यांच्याच हातून तपासून घेतला.

“दुसऱ्या गावी नोकरी मिळालीय,” त्या आपणहून म्हणाल्या. “घरी अजून सांगितलेलं नाही, आणि फोनवर त्याचेच मेसेज येतात. मला स्वतःच सांगायचंय.”

त्याने मान डोलावली आणि बिलावर लिहिलं: स्क्रीन मूळ कंपनीची नाही, जुळणारी दुसरी, तीन महिने वॉरंटी, फुटणं आणि पाणी सोडून.

दोन महिन्यांनी त्या सुट्टीवर आल्या. स्क्रीनची एक कड टचला दाद देत नव्हती. सावकाशने त्यांच्यासमोरच फोन उघडला. कुठे पोचा नव्हता, पाणी लागल्यावर लाल होणारी खूण पांढरीच होती.

“पार्टच खराब निघाला. बदलून देतो, पैसे नाहीत. पण वॉरंटी पहिल्याच तारखेपासून धरायची.”

“चालेल. नवीन गावी कोणी असं सांगत नाही हो,” त्या हसल्या. “घरचे आधी रागावले, आता सासूबाई रोज फोन करतात.”

तेवढ्यात एक म्हातारबाबा फोन घेऊन आले. थोरल्याने पेन उचललं आणि खाली मान घालून विचारलं, “बाबा, झाल्यावर फोन कोणाकडे द्यायचा?”