वडील भिंतीतून चालत होते

आई गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला दोन महिने. वर्षश्राद्धाला कावळ्याचं पान आपण स्वतः गच्चीवर ठेवणार, असं वडिलांनी जाहीर केलं होतं. आमचं घर गिरगावातल्या जुन्या इमारतीत, गच्ची एक जिना वर. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "काका, आधी न थांबता, न दमता किती चालता ते सांगा. जिन्याचं मग बघू."

मोजायचं कसं, हा प्रश्न टोरांटोतल्या दादाने तत्काळ सोडवला. तिकडच्या लोकांना इकडचे प्रश्न चटकन सुटतात. त्याने माझ्याकडून वडिलांच्या फोनवर चालणं नोंदवणारं ॲप टाकून घेतलं. वडील फोन सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि सामायिक गॅलरीत दारापासून टोकाच्या नळापर्यंत जाऊन परत येत. संध्याकाळी आकडा दादाला जाई.

आकडे उत्साहवर्धक होते. एकदा न थांबता तीनशे मीटर. दादाने आनंदाने टाळ्यांची चित्रं पाठवली आणि फोन केला, "बघ, बाबा ठणठणीत आहेत. एवढं चालतात, त्यांना एक जिना काय जड आहे? तू उगाच घाबरतेस."

मी घाबरत होते, कारण मी वडिलांच्या मागून चालत होते. नळापाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागत होती. पण मी पडले फक्त प्रत्यक्ष पाहणारी. माझ्या शब्दाला टोरांटोत फारसं वजन नव्हतं.

मॅडम आल्यावर मी त्यांना तीनशे मीटरचा नकाशा दाखवला. निळी रेघ आमच्या गॅलरीतून निघाली होती, भिंत फोडून शेजारच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी बैठकीत शिरली होती, तिथून रस्त्यावर उतरून पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात आली होती.

"काका, भिंतीतून चालता तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"ऑपरेशन चांगलं झालंय," वडील म्हणाले.

मॅडमनी ॲप पुन्हा सुरू केलं, फोन गॅलरीच्या कठड्यावर ठेवला आणि चहा मागितला. चहा होईपर्यंत कठड्यावरचा फोन पंचेचाळीस मीटर चालून आला होता.

"माझ्यापेक्षा याचीच तब्येत बरी," वडील म्हणाले.

कारण साधं होतं. फोन उपग्रहांचे संकेत ऐकून आपली जागा ठरवतो. आमच्याकडे ते संकेत समोरच्या उंच इमारतींवर आपटून, लांबच्या वाटेने येतात, म्हणून तो दर वेळी आपल्याला काही मीटर इकडे, काही मीटर तिकडे समजतो. ॲप बिचारं आज्ञाधारक. ते सगळे ठिपके जोडतं आणि रेघांची बेरीज करून तेवढं चाललात म्हणून शाबासकी देतं. इथून चौपाटीपर्यंत चालत गेलं तर दहा-पंधरा मीटर कुणाच्या लक्षात येत नाहीत. पण आमची सबंध गॅलरीच अठरा मीटरची. तिथे चूक आणि चालणं एकाच मापाचं होतं, कधी चूकच मोठी. कधी उलटंही व्हायचं. वडील खरंच, थांबत थांबत, दोन फेऱ्या मारून यायचे आणि ॲप म्हणायचं, हे गृहस्थ जागचे हललेच नाहीत.

मग मॅडमनी पिशवीतून शिंप्याकडे असते तशी, पण बरीच लांब टेप काढली. गॅलरीच्या फरशीवर खडूच्या खुणा केल्या. वडील चालले. नळापर्यंत गेले, वळले, निम्म्या वाटेवर भिंतीला हात टेकून उभे राहिले. सत्तावीस मीटर. मॅडमनी नाडी पाहिली.

"काका, जिना नाही. अजून नाही."

वडिलांनी पायाने खडूची खूण जराशी पुसली. मग म्हणाले, "तसंही तुझ्या आईला गच्चीवर ऊन लागायचंच."

दादाला मी टेपचा आकडा कळवला. "टेप ढिली धरली असेल," तो म्हणाला. उपग्रहापेक्षा टेप खोटी असणं त्याला जास्त सोयीचं होतं. तो आईला पोचवायला येऊ शकला नव्हता, हे मला माहीत होतं. त्याला वडील ठणठणीत हवे होते. मी वाद घातला नाही.

श्राद्धाच्या दिवशी पान गॅलरीच्या टोकाला, नळाशेजारच्या कठड्यावर ठेवायचं ठरलं. शेजारच्या मालवणी काकू म्हणाल्या, "अगो, कावळे गच्चीर येतंत, हयसर कशे येतले?" वडील म्हणाले, "त्यांना जिना उतरायला कुणी मनाई केलेली नाही."

पान दोन्ही हातांत धरून ते निघाले. मी मागे, एका हाताच्या अंतरावर. वरण वाटीतून थोडं सांडलं. टोकाला पोचून त्यांनी पान ठेवलं, कठडा धरला आणि श्वास येईपर्यंत तसेच उभे राहिले. तेवढ्यात एक कावळा आला, दुसरा आला. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते पानाकडे बघत होते.

खुर्ची मी तिथेच आणून ठेवली. ॲप त्या दिवशी कुणी सुरूच केलं नव्हतं. रात्री दादाचा निरोप आला: आज ॲपवर काहीच नाही. बाबा चालले नाहीत का?

मी लिहिलं, चालले. आईपर्यंत.

मग शेवटचा शब्द खोडला आणि पाठवलं.