हिंजवडी सोडून कुठंही

पुण्याच्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येतं, असा एक गैरसमज जगभर पसरला आहे. दुकानात येतं, ते खरं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ‘संपलं’ म्हणून सांगायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण समोरचा काही द्यायला आला, की आमची जीभ अडखळते. मग आम्ही म्हणतो, ‘बघते, कळवते.’ आणि आयुष्यात कधी कळवत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी.

वल्लरी केतकरचं निम्मं आयुष्य या ‘कळवते’मध्ये गेलं. लग्नाच्या स्थळांना तिनं तसंच सांगितलं होतं आणि स्थळं आपोआप मिटली होती. त्याचं तिला फार वाईट वाटलं असंही नाही. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यापासून जरा आत तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, त्यात ती आणि तिची आई आनंदीबाई. येरवड्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टिंगची कामं बघायची. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या आणि त्या गोडीनं सांगायच्या. स्कूटरवर बसलं की गाणं पूर्ण होण्याआधी ऑफिस येई. सोन्यासारखी नोकरी होती. मग अमेरिकेतल्या मालकांनी पुण्याची टीमच बंद केली. एका खोलीत सगळ्यांना बसवून, समोसे देऊन सांगितलं. बाकीच्या बायका रडल्या. वल्लरीनं समोसा खाल्ला आणि लॅपटॉप जमा केला.

गेली काही वर्षं ती अशीच होती. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, आपला राहत नाही, तसं तिचं मन झालं होतं.

त्याला कारण आईच होती. आनंदीबाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर आधी चष्मा विसरायला लागल्या, मग भाजीवाल्याला दोनदा पैसे द्यायला लागल्या, आणि मग एक दिवस स्वतःच्या घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणायला लागल्या. दिवसभर तशा शहाण्यासारख्या असत. ऊन उतरलं की बिनसायचं. दार उघडून बाहेर जायला बघायच्या, अडवलं तर ओरबाडायच्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात संध्याकाळ वाईटच जाते, ओळखीचा माणूस जवळ असू द्या. ओळखीचा माणूस एकच उरला होता. वल्लरी शेजारी बसून नुसतं ‘आई, मी आहे गं’ म्हणाली, की त्या शांत व्हायच्या.

दिवसा त्यांना सांभाळायला कळस गावातून गोदाबाई यायच्या. बाई कष्टाळू, पण सहाला त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा. ‘‘ताई, दिस हाय तवर माजं ऐकत्यात,’’ त्या म्हणायच्या, ‘‘पन दिवा लागला की न्हाय. मग तुमीच पायजे.’’ संध्याकाळसाठी दोन वेगळ्या बायका ठेवून झाल्या. पहिलीला आनंदीबाई चावल्या. दुसरीचा डोळा लागला आणि आनंदीबाई आळंदी रस्त्यावर सापडल्या, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात वल्लरीची. त्यानंतर वल्लरीनं ठरवलं, की सहाच्या आत घरी. मग जग इकडचं तिकडे होवो.

आता नोकरी शोधायची, तीही या अटीवर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पोर्टलवर नाव घातलं, तर येणारा प्रत्येक फोन शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या हिंजवडीचा. पुण्यातलं सगळं सॉफ्टवेअर त्या एका गावात नेऊन कुणी ओतलं, देव जाणे. ती प्रत्येकाला ‘बघते, कळवते’ म्हणायची. पुढे त्यांचे फोन यायचेच बंद झाले, चांगल्या जागांसाठीही. कळवते म्हणून न कळवणाऱ्याचं नाव कन्सल्टन्सीवाले बाजूला टाकतात, हे तिला कोण सांगणार?

अशात सृष्टीचा फोन आला. ही मुलगी मूळची यवतमाळची, एका रिक्रूटमेंट कन्सल्टन्सीत कामाला. कंपन्यांना माणसं शोधून द्यायची, माणूस रुजू झाला की हिच्या कंपनीला पैसे. बोलणं झपझप. ‘‘मॅडम, टेस्ट लीडची पोझिशन आहे, ऑफिस कल्याणीनगर. तुम्हाला जवळच पडते न?’’

जवळ म्हणजे काय, हाकेच्या अंतरावर! वल्लरीनं तीन मुलाखती दिल्या. तिन्ही चांगल्या झाल्या. घरात बऱ्याच दिवसांनी शिरा झाला. आनंदीबाईंनी दोनदा मागून घेतला.

आणि मग ऑफर लेटर निघायच्या आधी सृष्टीचा फोन आला. पगार वाचून दाखवला, पद वाचून दाखवलं, आणि त्याच दमात म्हणाली, ‘‘जॉइनिंग लोकेशन हिंजवडी फेज थ्री.’’

‘‘कल्याणीनगर म्हणाला होतात.’’

‘‘हो न मॅडम. त्यांच्या जागेचा करार संपतोय, ती अख्खी टीम तिकडे हलणार आहे. मलाही कालच कळलं. पण कंपनीची बस आहे, विश्रांतवाडीवरूनच जाते. आणि पुण्यातच तर आहे.’’

पुण्यातच! सृष्टी स्वतः हिंजवडीतच एका हॉस्टेलवर राहायची आणि ऑफिसला चालत जायची. तिला बिचारीला काय ठाऊक, की संध्याकाळी त्या बसमध्ये बसलेला माणूस वाकडच्या पुलापर्यंत पोचतो तोवर विश्रांतवाडीत दिवे लागून जेवणं व्हायची वेळ होते. वल्लरीच्या तोंडून सवयीनं निघालं, ‘‘बघते, कळवते.’’

तिनं जुन्या ऑफिसातल्या सलिलला फोन केला. सलिल मित्र चांगला, सल्लागार महाग. ‘‘हो म्हणून टाक गं,’’ तो म्हणाला. ‘‘लेटर हातात घे. तोवर दुसरीकडे बघ. मिळालं तर रुजू होऊ नकोस, सगळे हेच करतात. हातचं कशाला सोडतेस?’’

‘‘आणि नाही मिळालं तर?’’

‘‘तर जा हिंजवडीला. आईंना काय, एखाद्या संस्थेत…’’

त्या संध्याकाळी आनंदीबाई दाराची कडी ओढत होत्या आणि वल्लरी त्यांचा हात धरून बसली होती. तिला रडू आलं नाही, राग आला नाही. एवढंच कळलं, की आता ‘कळवते’ चालायचं नाही. सलिलचं ऐकून हो म्हटलं, तर सृष्टी उद्या आपल्या नावानं होकार कळवेल, कंपनी बाकीच्या उमेदवारांना परत पाठवेल, आणि मग आपण गायब झालो की त्या मुलीच्या तोंडाला काळं. शिवाय पुन्हा कधी ती आपल्याला फोन करेल? अशानं सगळीच दारं लागतील, आणि मग खरोखरच संस्था शोधावी लागेल.

सकाळी तिनं स्वतःहून फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

‘‘सृष्टी, मी ही ऑफर घेऊ शकत नाही. काम आवडलं, लोक आवडले, पगाराचं काही म्हणणं नाही. फक्त जागा. मला सहाच्या आत घरी पोचावंच लागतं.’’

पलीकडून जरा लागलेल्या आवाजात, ‘‘मॅडम, आत्ता? तीन राउंड झाल्यावर? पगार वाढवून मागू का?’’

‘‘पगारानं रस्ता कमी होत नाही. दोन गोष्टी विचारून बघा. घरून काम, नाहीतर सकाळी लवकर येऊन तीनला निघणं. दोन्ही जमत नसेल तर माझा नकार समजा, मला थांबवून ठेवू नका, दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे.’’

सृष्टीनं विचारलं. दुपारी उत्तर आलं. क्लायंटचा डेटा घरी न्यायला परवानगी नाही, आणि अमेरिकेचे फोन संध्याकाळीच सुरू होतात, त्यामुळे तीनला निघणं अशक्य. वल्लरी ‘बरं’ म्हणाली. एवढी मोठी नोकरी गेली, आणि तिला चहा टाकायची आठवण झाली.

‘‘मॅडम, एक विचारू? सहाला काय आहे?’’ सृष्टीनं चाचरत विचारलं. ‘‘म्हणजे मला नोंद करायला.’’

सांगायची काही गरज नव्हती. जागा जमत नाही, एवढं पुरेसं असतं. पण वल्लरीनं सांगितलं. आईचं, दाराचं, चपलांचं. सृष्टी म्हणाली, ‘‘मला मेल करून ठेवा. नकार फक्त लोकेशनमुळे, आणि कुठे चालेल तेही लिहा. नाहीतर सिस्टिममध्ये ‘इंटरेस्टेड नाही’ असं पडते, मग कोणी विचारत नाही.’’

वल्लरीनं चार ओळी लिहिल्या. येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी यातलं काहीही चालेल, पद थोडं खालचं असलं तरी चालेल, अशा जागा निघाल्या तर जरूर फोन करावा. आभार मानले. पाठवून दिलं.

मग कोरडे महिने गेले. घरबसल्या किरकोळ कामं मिळत, त्यावर भागायचं. सलिल म्हणायचा, ‘‘हट्टीपणा नडला.’’ ती त्याच्याशी वाद घालत नसे. सहाला गोदाबाई जायच्या, ती आईशेजारी बसायची, आणि रोज तीच उजळणी. ‘घरी जायचंय.’ ‘आई, मी आहे गं.’ शेवटी शेवटी आनंदीबाई घरी जायचंय म्हणायच्याही बंद झाल्या, नुसता तिचा हात धरून बसायच्या. थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. स्मशानात लोक वल्लरीकडे बघत होते, ही रडत कशी नाही म्हणून. गोदाबाई मात्र धाय मोकलून रडल्या.

दिवस होऊन गेले. नातेवाईक पांगले. संध्याकाळ झाली की वल्लरी दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसायची. तिला काही होत नसे. नुसती बसायची.

अशाच एका दुपारी सृष्टीचा फोन आला.

‘‘मॅडम, तुमचा मेल मी जपून ठेवला होता. इतकं स्पष्ट कोणी सांगत नाही हो, लोक फोन बंद करतात. विमाननगरला एक जागा निघाली. पद एक पायरी खाली आहे, पण पाचला सुटते. खरं तर हिंजवडीलाही आहे, मोठी आहे, पण ते मी तुम्हाला विचारतच नाही.’’

आता हिंजवडी चालली असती. कुठलीही वेळ, कुठलीही बस. वल्लरीनं ते सांगायला तोंड उघडलं. रिकाम्या घरात आपला आवाज कसा येईल, एवढा विचार करण्यापुरती ती थांबली.

‘‘आई कशा आहेत?’’ सृष्टीनं विचारलं.

कितीतरी दिवसांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. ज्यांना माहीत होतं ते विचारणार नव्हते, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आनंदीबाई होत्या हेच माहीत नव्हतं.

‘‘बरी आहे,’’ ती म्हणाली.

‘‘मग सहाच्या आत घरी, तसंच ठेवते न?’’

‘‘हो. तसंच ठेवा.’’

फोन ठेवल्यावर ती रडली, पहिल्यांदा, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल इतकी. लाखांच्या पुण्यात एक मुलगी होती, जिच्या लेखी आनंदीबाई अजून घरी बसून लेकीची वाट बघत होत्या. तिची चूक दुरुस्त करायचं वल्लरीच्यानं झालं नाही.